बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

खिडकीच्या फटींत जुन्या साडीच्या पट्ट्या कोंबल्या होत्या. एकही फट मोकळी नव्हती. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, दाराला घोंगडीचा पडदा. नाशिक जिल्ह्यातल्या एका गावातली ही बाळंतिणीची खोली. मी आशाताईंच्या मागोमाग आत गेले आणि दोन मिनिटांत माझेच डोळे चुरचुरायला लागले. बाजेवरची ओली बाळंतीण तोंडावर पदर धरून खोकत होती. तिचं चाळीस दिवसांचं लेकरू मात्र खोलीत नव्हतं. ते माजघरात सासूबाईंच्या मांडीवर बाटलीचं बूच चोखत रडत होतं. बाटलीत पाणी घातलेलं गाईचं दूध होतं.

दोन दिवसांपूर्वी सुनेच्या थुंकीची तपासणी होऊन क्षय निघाला होता. त्याच संध्याकाळी घरच्यांनी बाळाला तिच्यापासून तोडलं. सासूबाई आशाताईंना म्हणाल्या, "दुधातून तिचं दुखणं लेकराला जाईल की. जाणूनबुजून इख कसं पाजू द्यायचं, ताई?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, निव्वळ भीती होती. सून काहीच बोलत नव्हती. तिची छाती दुधाने दगडासारखी कडक झाली होती आणि हात लावला तरी ती कळवळत होती.

आशाताईंनी आधी खिडकीच्या पट्ट्या उपसून काढल्या. मग म्हणाल्या, "आजी, आजार दुधात नाही, हवेत हाय. तुम्ही दूध बंद केलं आन् हवा कोंडून ठेवली."

या एका वाक्यात सगळं आलं, पण ते घरातल्यांना पटायला तास गेला. ते का खरं आहे आणि कुठपर्यंत खरं आहे, हे प्रत्येक घराला कळायला हवं, म्हणून जरा नीट सांगते.

फुप्फुसाचा क्षय झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा त्याच्या तोंडातून अतिशय बारीक थेंब बाहेर पडतात. मोठे थेंब जमिनीवर पडतात. बारीक थेंब मात्र हवेतच सुकतात आणि जंतू असलेला धुळीच्या कणाहूनही हलका कण मागे उरतो. बंद खोलीत तो तासन्‌तास तरंगत राहतो आणि कुणाच्या तरी श्वासाबरोबर आत जातो. क्षय पसरण्याची वाट ती हीच. ताट-वाटी, अंथरूण, कपडे यांच्यातून तो पसरत नाही. म्हणजे सुनेची ताटली वेगळी ठेवून उपयोग काहीच होत नाही, तिला वाईट मात्र वाटतं.

दूध बनतं छातीत, आणि जंतू बसलेला असतो फुप्फुसात. फुप्फुसाच्या क्षयात जंतू दुधात उतरून बाळाला आजार देत नाहीत. याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे खुद्द स्तनाचा क्षय. हा फार विरळा आढळतो. त्यात एका बाजूला न दुखणारी किंवा हळूहळू वाढणारी गाठ येते, कधी ती फुटून पू वाहतो, नेहमीच्या औषधांनी जखम भरत नाही. अशा वेळी त्या बाजूचं दूध काढून टाकून द्यायचं आणि बाळाला दुसऱ्या बाजूला पाजायचं, असं डॉक्टर सांगतात. गाठ दिसली की दाखवायचं, आपल्या मनाने ठरवायचं नाही.

तर मग बाळाला धोका नाही का? धोका आहे, आणि तो मोठा आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला क्षयाची लागण झाली आणि काहीच उपाय केला नाही, तर साधारण निम्म्या बाळांना प्रत्यक्ष आजार होतो. त्यांतल्या काहींना मेंदूच्या आवरणाचा क्षय होतो, नाहीतर रक्तातून अंगभर पसरलेला क्षय होतो. मोठ्या माणसाचं शरीर जंतूला वर्षानुवर्षं कोंडून ठेवू शकतं, तान्ह्याला ते जमत नाही. सासूबाईंची भीती खोटी नव्हती. त्यांनी दार चुकीच्या जागी बंद केलं होतं, एवढंच.

आणि हे चुकीच्या जागचं दार किती महागात पडू शकतं, ते त्याच घरात दिसलं. बाळाला बाळंतिणीच्या खोलीतून काढून माजघरात ठेवलं होतं. माजघरातच आजोबांची खाट. आजोबा तीन महिन्यांपासून खोकत होते. "बिडीचा खोकला हाय तो," असं घरात सगळेच म्हणत. आशाताईंनी त्यांनाही थुंकीची डबी दिली. एक नमुना तिथेच आणि दुसरा सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, घशातली लाळ नको, छातीतून आलेला बेडका हवा. आठवड्याभरात त्यांचाही निकाल आला, क्षय. मग अंदाज बांधता आला की सुनेला आजार कुठून आला असावा. आईपासून वाचवण्यासाठी बाळ दोन रात्री आजोबांच्या खाटेशेजारी निजलं होतं.

म्हणून बाळंतिणीचा क्षय निघाला की पहिलं काम म्हणजे घरातल्या प्रत्येकाला विचारणं. कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, कुणाला संध्याकाळी बारीक ताप येतो, कुणाचं वजन उतरलं, रात्री घाम येतो. बाळाला उचलून घेणारी आत्या, मालिश करणारी बाई, शेजारची मावशी, सगळ्या यात आल्या.

बाळंतिणीच्या बाबतीत तर हे लवकर लक्षातच येत नाही. गरोदरपणात शरीराची लढण्याची ताकद थोडी दबलेली असते, बाळंतपणानंतर ती परत उसळते. याच काही महिन्यांत दबून राहिलेला क्षय वर येण्याचा धोका वाढतो. पण थकवा आला तर तो रात्रीच्या जागरणाचा, वजन उतरलं तर ते दूध पाजल्याने, बारीक ताप असला तर तो अंगातल्या कसराचा, असं प्रत्येक लक्षणाला घरात उत्तर तयार असतं. या सुनेलाही सातव्या महिन्यापासून खोकला होता. बाळाला खरा धोका निदान व्हायच्या आधीच्या या महिन्यांत असतो. निदान होऊन गोळ्या सुरू झाल्या की तो दिवसागणिक कमी होत जातो. घरात मात्र नेमकं उलटं होतं. निदान होईपर्यंत बाळ आईच्या कुशीत झोपतं आणि निदान झाल्यावर सगळे घाबरतात.

गोळ्यांचं असं आहे. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयाला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन औषधं असतात. ती एकत्र केलेल्या गोळ्यांतून रोज घ्यायची. किती गोळ्या ते वजनावर ठरतं. या बाळंतिणीचं वजन 42 किलो होतं, तिला रोज तीन गोळ्या होत्या. थुंकीची ट्रूनॅट तपासणी झाली होती. तिच्यात जंतू तर सापडतोच, शिवाय रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूवर चालेल की नाही हेही कळतं. तिच्या जंतूवर ते चालत होतं. अशा रुग्णाच्या खोकल्यातून जंतू पसरण्याची ताकद नियमित गोळ्यांनी झपाट्याने उतरते, आणि साधारण दोन आठवड्यांनी ती बरीच कमी झालेली असते.

या गोळ्या घेत असताना अंगावर पाजायला हरकत नाही. दुधात औषध उतरतं, पण इतकं थोडं की त्याने बाळाला अपाय होत नाही. आयसोनियाझिडचंच बघायचं तर, बाळाला स्वतःला द्यावा लागणाऱ्या डोसाच्या फार तर एक पंचमांश इतकं ते दुधातून जातं. आता इथे बरेच जण दुसऱ्या टोकाला जातात. आईच्या दुधातून औषध जातंय ना, मग बाळाला वेगळं कशाला, असं म्हणतात. ते चूक आहे. जितकं औषध अपाय करायला अपुरं, तितकंच ते बचाव करायलाही अपुरं. बाळाचं औषध बाळालाच द्यावं लागतं.

एक गोष्ट मात्र आईला आधीच सांगून ठेवावी. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, घाम आणि डोळ्यांतलं पाणीही कधी रंग धरतं, दुधालाही कधी किंचित पिवळसर-केशरी झाक येते. हे कुणी सांगितलेलं नसलं की आई घाबरून पाजणं थांबवते, नाहीतर गोळ्या थांबवते. रंगाने काही बिघडत नाही. मात्र भूक मेली, सतत मळमळ होते, डोळे पिवळे दिसतात, असं झालं तर गोळ्यांचा यकृतावर परिणाम झालेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणखी एक म्हणजे हेच औषध पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा परिणाम कमी करतं. पुढचं मूल इतक्यात नको असेल तर डॉक्टरांशी बोलून तांबी किंवा दुसरा उपाय करावा.

बाळाचं काय केलं ते आता सांगते. आशाताई आई आणि बाळाला घेऊन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेल्या. बालरोगतज्ज्ञांनी आधी एकच प्रश्न सोडवला. बाळाला आजार झालाय, की ते नुसतं आजाराच्या सहवासात आहे? त्यासाठी वजनाचा कागद पाहिला. जन्माच्या वेळी 2 किलो 800 ग्रॅम, आता चाळिसाव्या दिवशी 4 किलो, म्हणजे दिवसाला सरासरी तीस ग्रॅमची वाढ. आजारी बाळ असं वाढत नाही. श्वास मोजला, पोट तपासलं, यकृत वाढलेलं नाही ना ते पाहिलं, मानेत, काखेत गाठी नाहीत ना ते चाचपलं, छातीचा एक्स-रे काढला. सगळं ठीक होतं. काही शंका असती तर बाळाच्या पोटातलं पाणी नळीने काढून तपासलं असतं, कारण तान्ही मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात.

मग बाळाला बचावाचं औषध सुरू झालं, आयसोनियाझिड, वजनाच्या दर किलोला 10 मिलिग्रॅम, रोज एकदा, सहा महिने. चार किलोच्या बाळाला 40 मिलिग्रॅम. पाण्यात विरघळणारी गोळी 100 मिलिग्रॅमची होती. परिचारिकेने ती 10 मिलिलिटर पाण्यात विरघळवून दाखवली, सुई काढलेल्या सिरिंजने त्यातलं 4 मिलिलिटर घेतलं आणि गालाच्या आतल्या बाजूने हळूहळू सोडलं. उरलेलं फेकून द्यायला सांगितलं. बरोबर बी6 जीवनसत्त्वही दिलं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे सहा महिने तेच 4 मिलिलिटर देत राहणं. बाळ साडेपाच किलोचं झालं की 55 मिलिग्रॅम लागतात, सात किलोचं झालं की 70. म्हणून दर महिन्याला वजन करून मात्रा बदलून घ्यायची. दुसरी चूक म्हणजे बाळ धडधाकट दिसतंय म्हणून दोन-तीन महिन्यांनी औषध सोडणं. ते धडधाकट आहे म्हणूनच तर हे औषध चालू आहे. आजार असता तर उपचार वेगळे असते.

बीसीजीचा व्रण बाळाच्या डाव्या दंडावर होता. ही लस मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या क्षयापासून चांगलं संरक्षण देते, पण लागणच होणार नाही अशी हमी देत नाही. म्हणून लस टोचली आहे, आता औषध कशाला, हा हिशोब चुकतो. आपल्याकडे आईला क्षय असला आणि बाळाला औषध द्यायचं असलं तरी बीसीजी जन्मतः देतात.

आता पाजायचं कसं, ते. आशाताईंनी हे सुनेला तोंडी न सांगता करून दाखवलं. तिला खोलीतून बाहेर काढून ओसरीवर बसवलं. तिथे ऊन होतं आणि वारा वाहत होता. वाहत्या हवेत जंतू विरळ होऊन जातात, आणि उन्हात ते तगत नाहीत. सुनेला तीन पदरी साधा मास्क लावला, नाक आणि तोंड दोन्ही झाकतील असा, नाकाच्या हाडावर चिमटा दाबून. मास्क आईने लावायचा, बाळाला कधीच नाही, बाळ गुदमरू शकतं. दमट झाला की बदलायचा. मास्क नसेल तर सुती कापडाचे तीन-चार थर बांधावेत आणि ते कापड रोज साबणाने धुऊन उन्हात वाळवावं. नुसता पदर धरला तर बाळाला सावरताना हात गुंततो आणि पदर सुटतो, हे आम्ही तिथेच पाहिलं. मग साबणाने हात धुऊन तिने बाळाला घेतलं.

छाती इतकी तटतटली होती की बाळाला स्तनाग्र तोंडात धरता येईना. आशाताईंनी कोमट ओल्या फडक्याने शेकलं, हाताने थोडं दूध काढून टाकायला लावलं आणि मऊ पडल्यावर परत लावलं. या वेळी बाळाने धरलं. पहिल्या दोन-तीन घोटांनंतर त्याच्या मुठी उघडल्या. सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या.

पाजताना ढास लागली तर मान वळवून, तोंड कोपरात घालून खोकायचं. पाजून झालं, ढेकर काढली, की बाळ खोकला नसलेल्या माणसाकडे द्यायचं. गोळ्यांचे पहिले दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तोवर, बाळाची झोपायची जागा वेगळी. वेगळी खोली नसेल तर निदान वेगळी बाज, आणि खिडकी उघडी. बाळाला गार वारा लागेल ही भीती असते. तर बाळाला टोपडं घाला, दुपट्यात गुंडाळा, पण खोली कोंडू नका. शेगडीचा धूर तर आईचा खोकला आणखी वाढवतो. थुंकायला झाकणाचा डबा ठेवावा.

आई पहिल्या दिवसांत फारच थकलेली असेल, किंवा डॉक्टरांनी थोडे दिवस लांब राहायला सांगितलं असेल, तर दूध काढून द्यावं. दिवसा-रात्री मिळून आठ ते बारा वेळा काढलं तरच पान्हा टिकतो, दिवसातून दोनदा काढून तो आटतो. दूध उकळून गार केलेल्या स्वच्छ भांड्यात काढायचं, झाकून ठेवायचं, बाहेर चार तासांच्या आत वापरायचं. पाजायला वाटी-चमचा, नाहीतर आपलं जुनं बोंडलं. बाटलीचं बूच नीट धुणं अवघड असतं, आणि त्याची सवय लागलेलं बाळ पुन्हा अंगावर नीट लागत नाही. काढलेल्या दुधात क्षयाचे जंतू नसतात, ते उकळायची गरज नाही.

देशोदेशीच्या सल्ल्यात इथे थोडा फरक आहे, तोही वाचकांना माहीत असावा, कारण परदेशातल्या लेकी-सुनांना तिथले डॉक्टर वेगळं सांगतात. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आईचे उपचार दोन आठवडे होईपर्यंत काढलेलं दूध द्या, त्यानंतर अंगावर पाजा. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्या देशातले डॉक्टर सांगतात, मास्क लावून पाजणं चालूच ठेवा. दूध बंद करा, असं दोघंही म्हणत नाहीत. फरक घरांचा आहे. जिथे वरचं दूध स्वच्छ पाण्यात, मोजून बनवता येतं, तिथे दोन आठवड्यांचा दुरावा परवडतो. जिथे हंड्यातल्या पाण्यात दूध वाढवून बाटली दिवसभर फिरते, तिथे बाळाला जुलाब होऊन दगावण्याचा धोका मास्क लावलेल्या आईच्या कुशीपेक्षा मोठा आहे. मला आपल्याकडचा सल्ला आपल्या घरांसाठी बरोबर वाटतो.

एका ठिकाणी मात्र मी स्वतःहून काही सांगणार नाही. तपासणीत नेहमीच्या औषधांना न जुमानणारा क्षय निघाला तर त्याची औषधं वेगळी असतात. त्यांतल्या बेडाक्विलिनसारख्या औषधाचं प्रमाण दुधात बरंच असतं, आणि खोकल्यातून जंतू पसरणंही लवकर थांबेलच असं नसतं. तिथे पाजायचं की नाही, बाळाला किती दिवस लांब ठेवायचं, हे त्या आजाराच्या तज्ज्ञांनीच ठरवायचं. आईला क्षयाबरोबर एचआयव्ही असेल तरी तसंच. म्हणून तर थुंकीच्या तपासणीचा कागद नीट वाचून घ्यायला हवा. नुसतं "टीबी निघाला" एवढ्यावर थांबायचं नाही.

फ्लूचं गणित याहून सोपं आहे. फ्लूचा विषाणूही दुधातून जात नाही, शिंकेतून, खोकल्यातून आणि हातांवरून जातो. लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच ते सात दिवस तो पसरतो. म्हणजे आईला कणकण जाणवेपर्यंत बाळ तिच्या सहवासात येऊन गेलेलंच असतं. अशा वेळी दूध तोडलं तर सहवास झाला तो झालाच, वर संरक्षणही गेलं. कारण आईचं शरीर त्या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि ती दुधातून बाळाला मिळतात. मास्क, प्रत्येक वेळी बाळाला घ्यायच्या आधी साबणाने हात धुणं, बाळाच्या तोंडाचे पापे न घेणं, आणि पाजणं सोडून बाकीच्या वेळी दुसऱ्या कुणी सांभाळणं, एवढं पुरतं. डॉक्टरांनी ओसेल्टामिविर दिलं तर ते घेताना पाजता येतं. ते दुखणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांत घेतलं तर जास्त उपयोगी पडतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही, म्हणून लस आईने आणि घरातल्यांनी घ्यावी.

आणि नुसता ताप? ताप दुधात उतरतो, तापातलं दूध बाधतं, असं आजही सांगतात. अंगाची उष्णता दुधाबरोबर बाळाच्या पोटात जाऊन दुखणं बनत नाही. ताप कशाचा आहे ते महत्त्वाचं. बाळंतिणीला थंडी वाजून ताप आला आणि एका बाजूला छाती लाल, गरम, दुखरी असेल, तर तो दूध साचून झालेल्या सुजेचा ताप आहे. तिथे पाजणं थांबवलं तर दूध आणखी साचून गळू होऊ शकतं. त्याच बाजूला पाजत राहायचं आणि डॉक्टरांना दाखवून औषध घ्यायचं. आमच्या बाळंतिणीला आणखी दोन दिवस तोडून ठेवलं असतं तर क्षयाच्या जोडीला हे दुखणंही लागलं असतं.

तापाला पॅरासिटामॉल चालतं, ॲस्पिरिन नको. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर रक्त तपासेपर्यंत दुसऱ्या वेदनाशामक गोळ्याही नकोत. तापात पाणी कमी पडलं की दूध कमी वाटतं, म्हणून पेज, ताक, पाणी चालू ठेवावं. आणि कुठल्याही डॉक्टरांसमोर बसलं की पहिलं वाक्य हेच असावं, "मी अंगावर पाजते, बाळ एवढ्या महिन्यांचं आहे." याने औषध खरोखर बदलतं. गडचिरोलीसारख्या भागात हिवताप झाला तर प्रायमाक्वीन देतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर पाजणाऱ्या आईला ते सहसा देत नाहीत, कारण काही बाळांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. आईने सांगितलंच नाही तर डॉक्टरांना कळणार कसं?

आईचं दुखणं कुठलंही असो, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा काखेतला ताप 99.5 अंश फॅरनहाइट किंवा वर गेला, अंग गार पडलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास मोजले गेले, छाती आत ओढली जाऊ लागली, किंवा ते नीट पिईनासं झालं, तर सकाळची वाट पाहायची नाही. श्वास मोजताना बाळ शांत असावं आणि घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजावं. क्षयाच्या सहवासातल्या बाळाचं वजन महिन्यात वाढलं नाही, तर तेही तितकंच गंभीर धरावं. बचावाचं औषध चालू असलं तरी.

त्या घरी मी सहा महिन्यांनी परत गेले. दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत सुनेच्या थुंकीत जंतू सापडले नव्हते, आणि तिचं वजन 47 किलोवर आलं होतं. निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे हजार रुपये खात्यात येत होते, त्यातून घरात अंडी येत होती. योजनेची माहिती हवी असेल तर 1800-11-6666 या मोफत क्रमांकावर मिळते, तो क्रमांक सासूबाईंनी कॅलेंडरवर लिहून ठेवला होता. आजोबांच्या गोळ्यांचा शेवटचा आठवडा चालू होता, बिडी सुटली होती. बाळ 7 किलो 400 ग्रॅमचं झालं होतं. त्याच्या औषधाचे चार दिवस उरले होते, आणि सिरिंज दिसली की ते आपणहून तोंड उघडत होतं. खोलीची खिडकी सताड उघडी होती. तिच्या गजाला बांधून बाळाची दुपटी वाळत घातली होती.